बीएमआय 24, रेषा 27 ची: मुलाच्या वजनाचं मोजमाप, दोन्ही घरांचा इतिहास आणि समुपदेशनाची नोंद

प्रश्न: नाशिकच्या सिडकोत माझा फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आहे. 9 वर्षे 4 महिन्यांचा मुलगा सर्दीसाठी आला होता. उंची 136 सेंमी, वजन 44.4 किलो, बीएमआय 24. आयएपीच्या तक्त्यावर 23 आणि 27 अशा रेषा आहेत, म्हणजे हा फक्त ओव्हरवेट धरायचा ना? वडिलांना 38 व्या वर्षी शुगर निघाली. आजी म्हणतात, "अंगानं भरलेला आहे, उंची वाढली की बसेल." जुन्या फाइलमध्ये 5 व्या वर्षी 109 सेंमी, 21 किलो आणि 7 व्या वर्षी 123 सेंमी, 31 किलो अशी नोंद सापडली. मी केस पेपरवर "आहाराचा सल्ला दिला" एवढंच लिहिलं. पुढे काय विचारायचं, आणि घरच्यांशी झालेलं बोलणं नीट कसं नोंदवायचं?

उत्तर: नाही, हा मुलगा स्थूल गटात येतो. तुमची चूक खूप जणांची होते, कारण तक्त्यावरची नावंच फसवी आहेत. 23 आणि 27 हे त्या मुलाच्या बीएमआयचे आकडे नाहीत. 18 व्या वर्षी ज्या रेषा अनुक्रमे 23 आणि 27 वर पोचतात, त्यांची ती नावं आहेत. 9 वर्षांच्या वयाला उभी रेघ वर नेली, की 27 ची रेषा 27 च्या खूप खाली भेटते. तुमचा 24 चा ठिपका तिच्याही बराच वर पडतो. म्हणून आकड्याची तुलना आकड्याशी करू नका. वय वर्षे आणि महिन्यांत काढा, मुलग्यांचा तक्ता घ्या, ठिपका मारा आणि तो कोणत्या रेषेच्या वर आहे ते पाहा.

या रेषा सेंटाइलमध्ये सांगायच्या तर मुलग्यांत 23 ची रेषा 71 व्या आणि 27 ची 90 व्या सेंटाइलला आहे. मुलींत त्या 75 आणि 95 ला आहेत. आपल्याकडे कमी बीएमआयलाही चरबी जास्त आणि मधुमेह लवकर, म्हणून मोठ्यांसाठीचे आशियाई निकष उलट मागे नेऊन त्या आखल्या आहेत. मोबाइलवरची बरीच अॅप्स अमेरिकन किंवा जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात, आणि तिथे तेच मूल एक पायरी खाली दिसू शकतं. एकदा 2015 चा आयएपी तक्ता धरला की दर भेटीत तोच धरा आणि फाइलमध्ये तक्त्याचं नाव लिहा. हा तक्ता 5 ते 18 वर्षांसाठी आहे. 5 च्या खालच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता लावायचा.

ठिपका मारण्याआधी एकदा पुन्हा मोजा. सर्दीसाठी आलेल्या मुलाचं माप घाईत झालेलं असतं. उंची 2 सेंमी कमी लागली तर बीएमआय 24 चा 24.7 होतो, शाळेचे बूट, पट्टा आणि स्वेटर असा किलोभर भार वजनात आला तर 24.5. टाचा, बसायचा भाग आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट फळी, आणि दोन वेळा मोजून सरासरी. मुलगा गुबगुबीत असेल तर टाचा आणि डोकं दोन्ही एकदम भिंतीला टेकत नाहीत. अशा वेळी टाचा आणि बसायचा भाग टेकला की पुरे. भिंतीला चिकटवलेली कागदी पट्टी वापरत असाल तर ती मेटल टेपने एकदा तपासा, कारण खालची कडा फरशीपासून वर सरकलेली असते. वजनाचा आकडा रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगू नका. मूल पुढच्या वेळी काट्यावर चढायलाच तयार होत नाही, आणि मग तुमचा तक्ता तिथेच थांबतो.

आता तुम्हाला सापडलेली जुनी नोंद. या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. 5 व्या वर्षी बीएमआय 17.7 येतो, 7 व्या वर्षी 20.5 आणि आता 24. मुलांचा बीएमआय पहिल्या वाढदिवसानंतर उतरत जातो, साधारण 5-6 वर्षांच्या आसपास तळाला असतो आणि मग पुन्हा चढतो. हा मुलगा तळाला असायला हवा त्या वयातच वरच्या रेषेच्या आसपास होता, आणि नंतर दर भेटीला तिच्यापासून आणखी दूर गेला. म्हणजे "उंची वाढली की बसेल" हे आजींचं म्हणणं मागच्या 4 वर्षांत एकदा तपासून झालेलं आहे: उंची 27 सेंमी वाढली आणि तरी बसलं नाही. आजींना हे रागावून सांगायचं नाही. तक्त्यावरचे तीन ठिपके बोटाने जोडून दाखवा. वाक्यापेक्षा ती रेघ पटकन पटते.

याच नोंदीतून दुसरंही उत्तर मिळतं. 4 वर्षे 4 महिन्यांत 27 सेंमी, म्हणजे वर्षाला साधारण 6 सेंमी. थायरॉइड, कुशिंग किंवा वाढीच्या हार्मोनच्या आजारात वजन वाढतं पण उंची अडते. नुसत्या जादा उष्मांकाने जाड झालेली मुलं उलट वयाच्या मानाने उंच असतात. त्यामुळे "एकदा थायरॉइड करून टाका" असं घरचे म्हणतील तेव्हा उंचीचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. टीएसएच केलंच आणि 5 ते 10 च्या मध्ये आलं, टी-फोर नॉर्मल असेल, तर बहुतेक वेळा तो वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे. त्यावर गोळी सुरू केली की घराला वाटतं आजार सापडला, आणि ताटात काही बदलत नाही. उंची वर्षाला 4 सेंमीच्या खाली आली असेल, 5 वर्षांच्या आधीपासून न भागणारी भूक असेल, मूल बोलण्या-शिकण्यात मागे असेल, किंवा पोटावर रुंद जांभळे चट्टे असतील, तर मात्र बालहार्मोनतज्ज्ञांकडे पाठवा.

अंगावर पाहायच्या गोष्टींत मान सर्वांत बोलकी. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा असेल तर ती इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. बहुतेक आया तो मळ समजून डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासतात, कधी कातडी सोलवटेपर्यंत. "हा मळ नाही, घासू नका" हे एक वाक्य आईला आणि मुलाला दोघांनाही मोठा दिलासा देतं. कंबर बरगडीची शेवटची कडा आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे या मुलात 68 सेंमीच्या वर असेल तर चरबी पोटात साठते आहे. बीपी घेताना मोठा कफ लावा. पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के हवी. लहान कफ खोटं बीपी वाढवतो, आणि जाड दंडाला नेमका तोच लावला जातो. घोरताना श्वास अडतो का, आणि चालताना नितंब किंवा गुडघा दुखतो का, हेही विचारा. "लघवीची जागा लहान आहे" ही चिंता आईबाबा बोलत नाहीत पण मनात असते. बहुतेकदा ती चरबीत बुडालेली असते. चरबी हाडापर्यंत दाबून मोजली की खरी लांबी कळते.

घराण्याचा इतिहास

"डीएम प्लस" हे दोन शब्द लिहून हा भाग संपत नाही. इतिहासातून तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: धोका किती, तपासण्या आत्ताच करायच्या का, आणि घरात बदलाला कोण तयार आहे.

"घरात कोणाला शुगर आहे का?" असं विचारलं की "नाही" येतं. कारण गोळी चालू असल्याने शुगर नॉर्मल आहे, म्हणजे शुगर नाही, असा हिशेब असतो. "रोज गोळी कोण घेतं आणि कशाची?" असं विचारा, मग खरी यादी बाहेर येते. माहेर आणि सासर दोन्हीकडचं विचारा आणि प्रत्येकाचं वय लिहा. 38 व्या वर्षीची शुगर आणि 70 व्या वर्षीची शुगर यांत फार अंतर आहे. हृदयविकार पुरुषांत 55 आणि बायकांत 65 च्या आत झाला असेल तरच तो "लवकरचा" धरायचा. आईला एकटीला विचारायची गोष्ट वेगळी: गरोदरपणात शुगर वाढली होती का, बाळाचं जन्मवजन किती. जन्मवजन कमी होतं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून केलेल्या अभ्यासात आपली हलकी बाळंही अंगात चरबी राखून असतात हे दिसलं. अशा बाळाला पुढे भराभर "बाळसं" चढलं तर धोका वाढतो.

आईबाबांची उंची-वजनं ऐकीव लिहू नका, तिथेच मोजा. समजा वडील 168 सेंमी आणि 86 किलो, आई 155 सेंमी आणि 70 किलो. बीएमआय 30.5 आणि 29.1, म्हणजे भारतीय निकषाने, 25 च्या वर, दोघेही स्थूल. 10 वर्षांच्या आतल्या मुलाचे आई किंवा वडील स्थूल असले, तर ते मूल मोठेपणी स्थूल असण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. इथे तर दोघेही आहेत. त्याच आकड्यांतून अपेक्षित उंचीही मिळते: दोघांच्या बेरजेत मुलासाठी 13 मिळवून निम्मे करा, 168 सेंमी.

या टप्प्यावर एक धोका असतो. यादी होताच "हे त्यांच्याकडूनच आलंय" असं वाक्य खोलीत पडतं आणि सून गप्प बसते. पुढचं समुपदेशन तिथेच संपतं. म्हणून यादी पूर्ण होण्याआधीच सांगून ठेवा: "दोन्ही घरांचं विचारतोय ते पुढे कोणाकोणाची तपासणी करायची हे ठरवायला." आणि खरंच ठरवा. आईची शुगर तपासलेली नसेल तर तिलाही चिठ्ठी द्या. मुलाची फाइल उघडल्यामुळे आईचा मधुमेह सापडणं ही विरळा गोष्ट नाही.

वडिलांची लवकरची शुगर आणि मानेवरचा पट्टा, दोन्ही असतील तर मुलाला 10 पूर्ण व्हायची वाट पाहू नका. उपाशीपोटी शुगर, एचबीए1सी, लिपिड आणि एसजीपीटी पाठवा. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 ही मधुमेहाआधीची पायरी. लोहाची कमतरता असेल तर एचबीए1सी खोटं वाढतं. सिकलसेल असलेल्या घरात तर त्यावर विसंबूच नका, आणि सुरगाणा-पेठ भागातून शहरात आलेल्या कुटुंबांना तो प्रश्न जरूर विचारा. एसजीपीटीला लॅब मोठ्या माणसांची मर्यादा छापते. मुलग्यांत 26 च्या वर आणि मुलींत 22 च्या वर गेलं तरी यकृतातली चरबी डोक्यात ठेवा. उपाशीपोटी इन्शुलिन मात्र मागवू नका. त्या आकड्याने उपचार बदलत नाही.

घराशी बोलणं

या भेटीला वेगळी वेळ द्या, निदान अर्धा तास, आणि स्वयंपाकघर ज्यांच्या हातात आहे त्यांना बोलवा. तुमच्या केसमध्ये त्या आजी दिसतात. त्यांना बाहेर बसवून आईला सांगितलं, तर घरी गेल्यावर आईलाच दोन्हीकडून ऐकावं लागतं.

सल्ला देण्याआधी "कालचा दिवस" उठल्यापासून झोपेपर्यंत मुलाकडून ऐका. "काय खातोस?" या प्रश्नाला मुलं डॉक्टरला आवडेल ते उत्तर देतात, काल सकाळचं विचारलं की खरं सांगतात. साधारण असं निघतं: सकाळी सहाला दूध, त्यात दोन चमचे साखर आणि वर चॉकलेटची पावडर. डब्यात जॅम-पोळी. दुपारी आजीने भरवलेला वरण-भात, तूप. क्लासला जाताना वडापाव. संध्याकाळी पुन्हा तसंच दूध, खारी-टोस्ट. रात्री साडेनऊला मोबाइल बघत जेवण. रविवारी सगळे मिळून मिसळ, मुलाला चार पाव आणि वर कोल्ड्रिंक.

यात दहा गोष्टी दिसतात आणि दहाही सांगायचा मोह होतो. तो आवरा. दोनच निवडायच्या, आणि त्या घरच्यांनी निवडायच्या. "यातलं पुढच्या महिन्यात तुम्हाला काय जमेल?" असं विचारून थांबा. मग विचारा, "जमेल याची खात्री 10 पैकी किती?" 7 च्या खाली उत्तर आलं तर ध्येय मोठं आहे, ते लहान करा. दुधातली साखर एकदम बंद करायची खात्री 4 आणि आठवड्याला एक चमचा कमी करायची 8, तर 8 वाली घ्या. दोन दुधांतली चार चमचे साखर म्हणजे रोजचे सुमारे 80 कॅलरी, पावडर वेगळी. आणि हे सगळ्या घराला लागू. वडील चहात साखर घालत असताना मुलाच्या दुधातून ती काढली तर ती शिक्षा होते.

मिसळ बंद करू नका. नाशिकच्या घरात रविवारची मिसळ तोडली तर पुढच्या भेटीला कोणी येत नाही. दोन पाव आणि कोल्ड्रिंकच्या जागी पाणी, एवढं पुरतं. जानेवारी ते मार्च द्राक्षांची पेटी घरात उघडी पडलेली असते आणि "फळच आहे" म्हणून मूल येता-जाता घोस संपवतं. वाटीत काढून एकदा द्या. या वयाला रोज एकूण तासभर दम लागेल असं खेळणं आणि 9 ते 12 तास झोप हवी. सकाळी सहाला उठायचं असेल तर साडेनऊचं जेवण तिथेच अडचण करतं.

वजनाचं ध्येय मुलाला देऊ नका, पण तुमच्या नोंदीत ठेवा. या वयात वजन स्थिर ठेवणं हे पुरेसं ध्येय आहे. 44.4 किलोच राहिलं आणि उंची सहा महिन्यांत 3 सेंमी वाढली, तर बीएमआय 23 होतो. वर्षभरात 6 सेंमी वाढली तर 22. आजींचं "उंची वाढली की बसेल" असं अर्धं खरं ठरतं, फक्त तोपर्यंत वजन थांबवावं लागतं. हे असंच त्यांना सांगा. त्यांचा मान राहतो आणि त्या तुमच्या बाजूला येतात.

नोंद कशी दिसावी

"आहाराचा सल्ला दिला" यावरून पुढच्या भेटीत काही तपासता येत नाही. कोणी, काय, किती, केव्हापासून, आणि कोणत्या खुणेने कळणार, एवढं हवं. तुमच्या केसची नोंद अशी होईल:

> हजर: मुलगा, आई, वडील, आजी (वडिलांची आई). वेळ 35 मिनिटे.
> मोजमाप: 136 सेंमी, 44.4 किलो, बीएमआय 24.0. आयएपी 2015, मुलगे: 27 च्या रेषेच्या वर. 5 वर्षे 17.7, 7 वर्षे 20.5. कंबर 76 सेंमी. मानेवर पट्टा आहे. बीपी मोठ्या कफने घेतलं, वयाच्या मानाने नॉर्मल.
> घराणं: वडील मधुमेह 38 व्या वर्षी, बीएमआय 30.5. आई बीएमआय 29.1, गरोदरपणात शुगर होती, त्यानंतर तपासलेली नाही. आईच्या वडिलांना 52 व्या वर्षी हृदयविकार.
> मुलाचे शब्द: "पळताना मला शेवटी ठेवतात."
> घराने निवडलं, 1: दुधात 2 ऐवजी 1 चमचा साखर, दोन आठवड्यांनी शून्य, पावडर संपल्यावर नवी आणायची नाही. जबाबदारी आजी. खात्री 8.
> घराने निवडलं, 2: आठवड्यातले 4 दिवस संध्याकाळी 6 ते 7 मैदान. सोमवार ते गुरुवार, वडिलांची सकाळची पाळी असेल तेव्हा ते सोबत, नाहीतर आई. खात्री 7.
> चर्चा झाली, आत्ता नको: जेवताना मोबाइल बंद. वडील तयार नाहीत. पुढच्या भेटीत.
> डॉक्टरांकडे: मुलाच्या तपासण्या, आईची शुगर.
> घरी करायचं नाही: रोज वजन, जेवण वगळणं, "जाड्या" म्हणणं.
> पुढची भेट: 4 आठवडे. पाहायचं: साखरेचे चमचे, मैदानाचे दिवस, वजन.

याचा फोटो किंवा प्रत घरच्यांना द्या. "आत्ता नको" ही ओळ गाळू नका. न पटलेली गोष्ट कागदावर राहिली की पुढच्या भेटीत ती पुन्हा काढता येते आणि कोणाला खोटं "हो" म्हणावं लागत नाही. मुलाचे शब्दही त्याच्याच भाषेत लिहा. त्याला वजनाची फिकीर नसते, पळण्यात मागे राहण्याची असते, आणि प्रगती त्याला त्याच भाषेत सांगायची असते.

चार आठवड्यांनी बीएमआयवरून निकाल लावू नका. महिन्याची उंचीवाढ मोजण्याच्या चुकीतच हरवते. समजा वजन 44.6 आलं. गेल्या 28 महिन्यांत हा मुलगा महिन्याला जवळपास अर्धा किलो वाढत होता, म्हणजे 200 ग्रॅम ही उतरती गती असू शकते, पण खात्री तीन महिन्यांनीच: जुन्या गतीने तेव्हा दीड किलोच्या आसपास वाढ दिसली असती. पहिल्या भेटीत कृती तपासा. दुधातली साखर शून्य झाली, मैदान मात्र 16 पैकी 7 दिवस, कारण जुलैच्या पावसात चिखल. मग नोंदीत "पालकांनी ऐकलं नाही" असं लिहायचं नाही. "पाऊस, मैदानाऐवजी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरीवरच्या उड्या, 10 मिनिटांचे तीन फेर, तेच 4 दिवस" असं लिहायचं, आणि बाजूला रखडलेली ओळ पुन्हा उघडायची: जेवताना मोबाइल, वडील काय म्हणतात?